चित्रातला कोट

सकाळचा उजेड त्या घरात कधी थेट येत नसे. आधी तो समोरच्या इमारतीच्या काचांवर पडे, तिथून उलटा फिरून छताच्या एका कोपऱ्यात फिकट ठिपक्यासारखा उतरे आणि बराच वेळ तिथेच रेंगाळे. मग सावकाश, भिंतीला धरून चालणाऱ्या माणसासारखा, तो खाली येऊ लागे. कॅलेंडरच्या खिळ्याला तो शिवे, मग चौकटीतल्या पदकांना, ज्यांचा मुलामा उडून आतलं करडं दिसू लागलं होतं. पुढे कपाटाची मूठ चमके. मग औषधांच्या बाटल्या क्षणभर मधासारख्या पिवळ्या होत आणि पुन्हा आपल्या मूळ तपकिरीत परतत. त्या मंगळवारी उजेडाच्या वाटेत एक नवी वस्तू होती. कपाटाच्या दारावर, हँगरला, बाबांचा निळा कोट लटकत होता. उजेडाने त्याचे रुंद खांदे सावकाश ओलांडले, रिकाम्या बाह्या चाचपल्या आणि शेवटी तो खिडकीजवळच्या खुर्चीवर, खुर्चीतल्या बाबांवर येऊन थांबला. त्यांच्या शर्टाची कॉलर आणि मान यांच्यामध्ये एक फट होती. ऊन तिच्यातून आत गेलं आणि पार खांद्यापर्यंत पोहोचलं.

मुलाने ते पाहिलं. धुऊन धुऊन कॉलर सैल झाली असावी, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि चहाचा कप त्यांच्या हातात दिला.

बाबांनी गावातल्या तलावावर एकतीस वर्षं पोहायला शिकवलं होतं. त्यांच्या गळ्यात कायम शिट्टी असे, म्हणून लहानथोर सगळे त्यांना शिट्टी सर म्हणत. नवीन बांधलेल्या तलावाचं उद्घाटन पुढच्याच्या पुढच्या रविवारी होतं, आणि पहिली शिट्टी सरांनी वाजवावी, असं पत्र आलं होतं. पत्र वाचून बाबांनी आदल्या संध्याकाळी कपाटातून कोट काढला, घातला, आरशासमोर उभे राहिले आणि दोन्ही हात बाजूला पसरून म्हणाले, "यात मी आणि माझा एक विद्यार्थी, दोघंही मावू."

मुलगा हसला नव्हता.

"हसायला हरकत नाही," बाबा म्हणाले. "पण ऐकून ठेव. अंगावर बसणारा कोट असेल तर मी जाईन. असा लोंबणारा असेल, तर पत्र लिहून 'नाही' म्हणून कळव. सगळ्या गावाने मला बघून 'च्‌ च्‌' करावं, यासाठी मी एकतीस वर्षं पाण्यात उभा राहिलो नाही."

तळमजल्यावरच्या शिंप्याने कोट उलटासुलटा करून परत दिला होता. "कंबर आत घेईन, बाही आखूड करीन. पण खांदा उतरवायचा म्हणजे सगळा कोट उसवून नवा शिवण्यासारखं आहे. आणि नवा शिवायचा तर तीन आठवडे धरा." दुकानोदुकानी फिरायचं त्राण बाबांमध्ये नव्हतं, जिन्यावरून खाली जाऊन वर येईपर्यंत त्यांना मध्ये दोनदा बसावं लागे. राहिला फोन. फोनवर मागवलेला कोट सहा दिवसांत येणार होता आणि तो बदलून मिळायला आणखी दहा लागणार होते. हातात दिवस होते बारा. म्हणजे कोट एकदाच मागवता येणार होता, आणि तो पहिल्या फटक्यात बसायला हवा होता.

ऑफिसला निघण्याआधी ताईने व्हिडिओ कॉल लावला. ती लग्न होऊन दुसऱ्या गावी होती, आणि अर्ध्या स्क्रीनवर तिचा चेहरा, अर्ध्यावर तिचा डबा भरणारा हात दिसत होता.

"दाखव बघू काय काय निवडलंयस."

मुलाने फोन दोघांना दिसेल असा कपाच्या आधाराने उभा केला नि दुसऱ्या फोनवर चित्रं काढली. त्या दुकानाच्या अ‍ॅपमध्ये सोय होती: माणसाचा पूर्ण उभा फोटो द्यायचा, कोट निवडायचा, आणि थोड्याच वेळात तो कोट घातलेला माणूस समोर येई. त्याने बाबांचा फोटो दिला होता. तलावाच्या काठावरचा, दोन वर्षांपूर्वीचा. त्यात बाबा कमरेवर हात ठेवून उभे होते, छाती पुढे, मान ताठ, आणि मागे निळं पाणी.

"हा तपकिरी," मुलगा म्हणाला.

"नको गं बाई," ताई म्हणाली. "बाबा बँकेत कर्ज नाकारायला बसल्यासारखे दिसतायत."

"हा राखाडी. हा गडद निळा. आणि हा दोन ओळी बटणांचा."

"बटणंच बटणं. बँडमास्तर दिसतायत. काढ तो."

तीन चित्रं त्याने शेजारी शेजारी मांडली. खरंच उपयोग होत होता. नुसत्या हँगरवरच्या कोटाकडे बघून जे कळलं नसतं, ते इथे लगेच दिसत होतं: तपकिरी रंगाने चेहरा पिवळट होत होता, गडद निळा जड वाटत होता, राखाडीत मात्र बाबा ऐटदार दिसत होते. लांब रुंद कॉलरपेक्षा अरुंद कॉलर त्यांना शोभत होती. एकेक चित्र गळत गेलं आणि राखाडी उरला.

बाबांनी फोन हातात घेतला. चष्मा नाकावरून घसरला होता, तो वर सारला. ते बराच वेळ चित्राकडे बघत राहिले.

"हा गृहस्थ ओळखीचा वाटतो," ते म्हणाले. "कुठे भेटलो होतो आम्ही?"

ताई हसली, मग तिचा डबा भरणारा हात थांबला. "ए शहाण्या, फोटो जुना आहे. आजचा काढ ना."

"यात उजेड नीट आलाय. अ‍ॅपला असाच फोटो लागतो, समोरून, उभा."

"मग आज समोरून उभा काढ. घरात उजेडाची टंचाई आहे का?"

"काढू नंतर. ताई, तुला उशीर होतोय."

 बाबांनी फोन खाली ठेवला, आणि मुलाकडे अशा नजरेने पाहिलं, जशी ते पूर्वी उडी मारायला घाबरणाऱ्या पोराकडे बघायचे. न रागावता. तो कधी ना कधी उडी मारणारच आहे, अशा खात्रीने.

कॉल संपल्यावर त्याने निळ्या कोटाच्या आतलं लेबल पाहिलं. चव्वेचाळीस. अ‍ॅपमध्ये त्याने चव्वेचाळीस निवडलं. 'मागवा' या शब्दावर बोट टेकवणार, इतक्यात बाबा म्हणाले, "चष्मा परत घसरतोय बघ."

"स्क्रू सैल झाला असेल," तो म्हणाला. दुकानात जायची वेळ झाली होती. "संध्याकाळी घट्ट करतो."

तो चष्म्याच्या दुकानात काम करी. काचा घासून फ्रेममध्ये बसवणं, नाकावरच्या गाद्या बदलणं, काडीचं टोक गरम करून कानामागे नेमकं वाकवणं, हे त्याचं काम. त्याला माणसांशी फार बोलता येत नसे. पण दोन बुबुळांमधलं अंतर तो मिलिमीटरमध्ये सांगे, आणि ते कधी चुकत नसे. दुकानात त्याच्या वर होत्या नंबरवाल्या बाई. डोळे तपासून नंबर काढणाऱ्या, म्हणून नंबरवाल्या. केस पांढरे, आवाज खणखणीत, आणि तीस वर्षांत कोणाच्याही भिडेला न पडलेल्या.

दुकानात काउंटरवर एक टॅब्लेट होता. गिऱ्हाईक त्यात तोंड दाखवी आणि स्क्रीनवरच्या चेहऱ्यावर एकामागून एक फ्रेम चढे. त्या दिवशी दुपारी एक लग्नाळू मुलगी आली, तिने टॅब्लेटमध्ये अकरा फ्रेमा चढवून पाहिल्या आणि एका मोठ्या गोल फ्रेमवर बोट ठेवलं. "हीच. पॅक करा."

"आधी नाकावर लावून बघा," तो म्हणाला.

"लावलीय की. बघा ना, किती मस्त दिसतेय."

"दिसतेय मस्त, त्यात वाद नाही. पण स्क्रीनवर कुठलीही फ्रेम कुणालाही बसते." त्याने खरी फ्रेम काढून काडीच्या आतले बारीक आकडे दाखवले. "हा काचेचा, हा नाकावरच्या कमानीचा, हा काडीचा. तुमचं नाक बारीक आहे. ही कमान वीसची, तुम्हाला सोळा-सतरा लागेल. ही घसरत घसरत हनुवटीवर येईल."

मुलीने फ्रेम लावली. फ्रेम घसरली. ती स्वतःशीच हसली आणि त्याच ढंगाची लहान फ्रेम घेऊन गेली.

गिऱ्हाईक नसताना तो फोन काढून बसला होता. नंबरवाल्या बाई मागून डोकावल्या. "कुणासाठी कोट?"

"बाबांसाठी. उद्घाटन आहे." त्याने चित्र दाखवलं.

"झकास. माप काय?"

"चव्वेचाळीस."

"मोजलंस?"

"जुन्या कोटाचं लेबल आहे. आणि चित्रात बसतोय की."

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "हे तू बोलतोयस? अर्ध्या तासापूर्वी त्या पोरीला नाकाचं शास्त्र शिकवणारा?" त्यांनी फोन ओढून घेतला. "हे बघ. मी आता छत्तीस निवडते. काढ चित्र."

चित्र आलं. बाबा काठावर उभे, राखाडी कोट अंगाला बेताने बसलेला.

"आता अठ्ठेचाळीस."

पुन्हा चित्र आलं. तेच बाबा, तोच कोट, तीच बेताची सुरकुती कोपराशी.

"फरक दाखव," बाई म्हणाल्या.

फरक नव्हता. तो बोटांनी चित्र मोठं करून पाहत राहिला. खांद्याच्या शिवणीपासून बाहीच्या टोकापर्यंत काहीही बदललं नव्हतं.

"याला मापाचं काही पडलेलं नाही. फोटोतल्या अंगावर कपडा बसवून द्यायचा, एवढंच याला माहीत. रंग बघ, कॉलर बघ, काय शोभतं ते बघ, त्याला उत्तम आहे. पण बसेल का, हे यालाही माहीत नाही." त्यांनी चित्राखालची बारीक ओळ वाचून दाखवली: हे चित्र केवळ कल्पना येण्यासाठी आहे, मापासाठी तक्ता पाहावा. "अरे, हे ते स्वतःच सांगतायत. आणि तू ऐकत नाहीयेस."

त्यांनी मापांचा तक्ता उघडला. त्यात दोन रकाने होते. एकात अंगाची मापं, दुसऱ्यात कोटाची. "यात घोळ करू नकोस," बाई म्हणाल्या. "अंगाची छाती अडतीस असेल तर कोटाची बेचाळीसच्या आसपास असते, आत शर्ट असतो, हात हलवायचे असतात. कोटाचा आकडा अंगाचा समजलास की फसलास. आणि लेबलावर जाऊ नकोस. एका कंपनीचं चव्वेचाळीस दुसरीचं बेचाळीस असतं. टेप घे आणि मोज."

"वजन थोडं कमी झालंय," तो म्हणाला. "भरून येईल."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग नेहमीच्या खणखणीत आवाजात नाही, तर हलक्या आवाजात म्हणाल्या, "मग टेपला घाबरतोस कशाला?"

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा आईची शिवणपेटी टेबलावर काढून ठेवलेली होती. आईला जाऊन सात वर्षं झाली होती. पेटी तेव्हापासून माळ्यावर होती.

"कोणी काढली?"

"मी. शेजारच्याला चढवला स्टुलावर." बाबा शर्टाच्या बाह्या सरळ करून, खुर्चीला धरून उभे होते. "टेप आत आहे. चल."

"तुम्हाला कसं कळलं?"

"ताईने सांगितलं, मोजल्याशिवाय मागवू देऊ नका. ती काय मोठी सांगणारी, मला आधीच ठाऊक होतं. पोहण्याचे कपडे मापाचे नसले की पोरं पाण्यात ओढली जातात. निम्मी शिकवणी कपड्यांची असते."

त्याने टेप उलगडली. पिवळी, कडा मऊ झालेली. बाबांनी हात उचलले. त्याने टेप पाठीमागून घेतली, काखेखालून, छातीच्या भरीव भागावरून.

"मागे वर चढलीय," बाबा म्हणाले. "सरळ रेषेत धर. आणि एक बोट आत राहील एवढी सैल. मी श्वास भरणार नाही, काळजी करू नकोस. जोराने श्वास भरून छाती दाखवणारी पोरं मी खूप पाहिलीत."

टेपची दोन टोकं जिथे भेटली तिथला आकडा त्याने वाचला. मग टेप सोडली आणि पुन्हा गुंडाळली. पुन्हा तोच आकडा. तिसऱ्यांदा त्याने टेपचं पितळी टोक बोटाने तपासलं, झिजलं तर नाही ना.

"किती?" बाबा म्हणाले.

"साडेछत्तीस. पण टेप जुनी आहे, ताणली गेली असेल."

"टेप ताणली तर आकडा कमी येतो, हे खरं. शर्टाच्या खिशातली तुझी स्टीलची पट्टी काढ आणि लावून बघ."

त्याने पट्टी काढली. टेपचा एक इंच बरोबर एक इंच होता. दहावा इंचही तसाच.

"तीनदा मोजून वाढत नाही रे," बाबा म्हणाले. "खांदा घे आता. लवकर घे, पाय थकतायत."

खांद्याच्या एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत, मानेच्या खालून. साडेसतरा. बाही पंचवीस. कंबर त्याने मोजली आणि कागदावर लिहिली, उच्चारली नाही. बाबा खाली बसले, आणि दोघांनी तक्ता मध्ये ठेवला.

"छत्तीस माप," मुलगा वाचू लागला, "अंगाची छाती पस्तीस ते साडेछत्तीस. पण त्याचा खांदा सतरा. तुमचा साडेसतरा."

"अडकेल. पुढे?"

"अडतीस. अंगाची छाती सदतीस ते साडेअडतीस. खांदा पावणेअठरा. बाही पंचवीस."

"खांदा बसला. छाती थोडी सैल."

"शिंपी म्हणाला होता, खांदा बदलता येत नाही. छाती-कंबर बाजूच्या शिवणीतून आत घेता येते."

"मग भांडण कसलं? खांद्यावरून ठरवायचं. अडतीस." बाबांनी आपल्याच खांद्यावर हात ठेवला. "हाडं अजून पोहणाऱ्याची आहेत म्हणायची."

कोट घेतलेल्या लोकांनी खाली काय काय लिहिलं होतं, तेही त्याने वाचून काढलं. एकाने बाही लांब असल्याची तक्रार केली होती, पण त्याने आपली उंची दिली होती आणि तो बाबांपेक्षा अर्धी वीत बुटका होता. दोघांनी खांदा तक्त्याप्रमाणेच आल्याचं लिहिलं होतं. सगळं जुळत होतं. आणि तरी त्याचं बोट अडतीसवरून सरकलं आणि बेचाळीसवर थांबलं.

"काय करतोयस?"

"बेचाळीस घेऊ या बाबा. आता अंग उतरलंय, पण नीट खाल्लं-प्यायलं की महिन्याभरात भरून येईल. मग अडतीस अंगात शिरणार नाही. उगाच वाया."

बाबांनी चष्मा काढला, शर्टाने पुसला, परत लावला. "उद्घाटन महिन्याने आहे का?"

"नाही, पण..."

"मला कोट कुठल्या दिवशी घालायचाय?"

"रविवारी."

"मग रविवारच्या माणसाचा कोट घे. महिन्यानंतरचा माणूस महिन्यानंतर आपलं बघेल."

 बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, आणि तिचा पीं पीं आवाज आत येत होता. मुलाच्या मनात दवाखान्यातली ती दुपार उभी राहिली. डॉक्टरांनी बाबांना बाहेर बसवून त्याला एकट्याला आत बोलावलं होतं. डॉक्टर काय म्हणाले ते शब्दन्‌शब्द त्याला आठवत होतं. ताईला त्याने फोनवर सांगितलं होतं, "वेळ लागेल म्हणतायत." रिपोर्ट त्याने चार घड्या करून काचेच्या नमुन्यांच्या डब्याखाली ठेवला होता. तो बाहेर आल्यावर बाबांनी फक्त त्याच्या हातातली पाण्याची बाटली घेतली होती आणि म्हणाले होते, "चल, बस सुटेल."

"आणि हो," बाबा म्हणाले, "तो काठावरचा माणूस काढून टाक. माझा फोटो घे. आजचा."

"आता उजेड गेलाय."

"दिवा आहे. समोरून, उभा. मीच सांगतो कसं उभं राहायचं."

ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मग भिंत सोडली, एक पाऊल पुढे आले, हात मोकळे सोडले. मुलाने फोन वर धरला. इतके दिवस तो बाबांकडे तुकड्या-तुकड्यांनी बघत आला होता: कधी औषध देताना हात, कधी झोपेत चेहरा, कधी चष्मा ठीक करताना कान. पूर्ण माणूस, डोक्यापासून पायांपर्यंत, चौकटीत त्याने पहिल्यांदाच धरला.  फोटो पुसट आला.

"परत," बाबा म्हणाले. "घाई नाही."

दुसरा नीट आला. त्याने पुन्हा तिन्ही कोट चढवून पाहिले आणि तिथे एक गंमत झाली. सकाळी ऐटदार वाटलेला राखाडी आता चेहऱ्याचा उरलासुरला रंगही पुसून टाकत होता. बाबा त्यात पावसाळी ढगासारखे दिसत होते. सकाळी जड वाटलेला गडद निळा मात्र चेहऱ्याला उठाव देत होता.

"बघ," बाबा म्हणाले. "तुझ्या दोन वर्षांपूर्वीच्या माणसाने आपल्याला रंगही चुकीचा घ्यायला लावला असता."

ताईला चित्र पाठवलं. तिचं उत्तर बऱ्याच वेळाने आलं. 'निळा,' एवढंच लिहिलं होतं, आणि पुढे, 'फोटो काढलास. बरं केलंस.'

गडद निळा. अरुंद कॉलर. अडतीस. त्याने पत्ता तपासला, माप पुन्हा एकदा तपासलं, आणि 'मागवा' दाबलं. बाबांनी समाधानाने मान हलवली आणि तेवढ्या हालचालीने चष्मा घसरला. "अरे, याचं राहिलंच," ते म्हणाले. त्याने खिशातला छोटा स्क्रूड्रायव्हर काढला, दोन्ही स्क्रूंना एकेक वेळ लावला आणि चष्मा परत दिला. "झाला घट्ट," तो म्हणाला.

कोट सहाव्या दिवशी आला. खोका उघडायला शिंप्यालाच वर बोलावलं होतं. बाबांनी कोट चढवला. मुलाने डोळे आधी खांद्यांवर नेले: शिवण हाडाच्या टोकाशी येऊन नेमकी थांबली होती, ना खाली ओघळत होती, ना वर ओढली जात होती. छाती आणि कंबर सैल होती, ठरल्याप्रमाणे.

शिंप्याने दोन्ही बाजूंनी चिमटी घेऊन टाचण्या लावल्या. "कोणी सांगितलं हे माप? नेमकं घेतलंत. उद्या दुपारी देतो."

"आमच्याकडे मोजणारा आहे," बाबा म्हणाले. "तीन-तीनदा मोजतो."

रविवारी नव्या तलावावर शंभरेक माणसं होती. जुने विद्यार्थी, आता मिशा पिकलेले, आता पोटं सुटलेले, पण शिट्टी सरांना बघताच सगळे ओळीत उभे राहिल्यासारखे सरळ झाले. बाबा गाडीतून उतरले. पायऱ्या तीन होत्या. मुलाने हात पुढे केला, बाबांनी तो धरला नाही; कठड्याला धरून ते एकेक पायरी चढले, प्रत्येक पायरीवर नवी पायरी बांधत असल्यासारखे. वर पोहोचून त्यांनी कोटाचं मधलं बटण लावलं. कोट अंगावर उभा राहिला. कुठे फुगा नाही, कुठे पोकळी नाही.

"सर, काय कोट आहे!" कोणीतरी मागून ओरडलं.

"कोटच बघताय?" बाबा म्हणाले. "मी म्हटलं, सर ताठ उभे आहेत का ते बघतायत." लोक हसले. कोणीही 'च्‌ च्‌' केलं नाही. एका बाईंनी मुलाच्या कानाशी येऊन म्हटलं, "सर बारीक झालेत, पण कणा ताठ आहे हो," आणि त्याने पहिल्यांदाच त्यावर घाईघाईने काही समजावून सांगितलं नाही.

काठावर आठ लहान मुलं वाकून उभी होती. बाबांनी शिट्टी ओठांत धरली. मुलगा त्यांच्या पाठीमागे दोन पावलांवर होता, आणि श्वास भरताना कोट पाठीवर किंचित ताणला गेलेला त्याला दिसला. शिट्टी वाजली. लांब, सरळ, न थरथरता. आठही मुलं एका आवाजात पाण्यात पडली आणि पाणी उंच उडून काठ ओला झाला.

टाळ्या संपायच्या आत बाबा मागच्या बाकावर येऊन बसले. शिट्टीला एवढा दम लागेल असं कुणालाच वाटलं नसतं. ते काही वेळ नुसते बसून पाण्याकडे पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर पाण्याची हलती झळाळी होती. मग त्यांनी चष्मा काढून मुलाच्या हातात दिला.

"हा मात्र काही केल्या राहत नाही."

त्याने स्क्रूड्रायव्हर काढला. उजवा स्क्रू लावून पाहिला. तो फिरला नाही. डावा लावून पाहिला. तोही जागच्या जागी गच्च होता. गेल्या चार महिन्यांत त्याने हे दोन स्क्रू किती वेळा घट्ट केले होते, हे त्याला आठवू लागलं, आणि एकदाही ते सैल सापडले नव्हते, हेही आठवलं. चष्मा रोज बसवणाऱ्याच्या बोटांना ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. चष्मा तोच होता. त्याच्या दोन काड्यांमधलं डोकं, कानांमागचं मांस, नाकाच्या दोन्ही बाजूंचे गाल, हे सगळं कमी होत गेलं होतं.

त्याने स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला. काडीचं टोक दोन्ही तळव्यांत धरून, ऊब येईपर्यंत चोळलं आणि हलक्या हाताने आत वाकवलं. मग दुसरं. मग तो बाबांसमोर गुडघ्यांवर बसला, चष्मा त्यांच्या डोळ्यांवर ठेवला, आणि आजच्या कानांमागे, आजच्या मापाने, दोन्ही टोकं नीट बसवली.

"हलवा मान," तो म्हणाला.

बाबांनी मान हलवली. चष्मा जागेवर राहिला.

"बसला," बाबा म्हणाले.

"हो," तो म्हणाला. त्याने त्यांच्या कोटाच्या खांद्यावरचा पाण्याचा एक थेंब बोटाने टिपला. समोर मुलं काठ धरून दुसऱ्या शिट्टीची वाट बघत होती, आणि बाबा उठायची तयारी करत होते.

बाबा बरे होणार नव्हते.